उस्ताद आधी लिहीत नाहीत

सर, आज तेरावा दिवस. तुमचा नव्हे, नौरोजचा, इराणी नववर्षाचा. तुम्हाला जाऊन तर आता पाच आठवडे होतील, आणि तुमच्या बेगमनी, आमच्या चाचींनी, मला चाळिसाव्याचं जेवण कधी आहे ते सांगूनही ठेवलंय. मी बदनापूरच्या गाडीत बसले आहे. मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत गव्हाचे अंकुर, वीतभर उंच झालेले, त्यांना बांधलेली लाल फीत. समोरच्या मावशींनी दोन वेळा पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "ताई, घट बसवला का हो अवेळीच?" मी म्हटलं, "आमच्या सरांचा आहे." मावशींना ते पुरलं. मला मात्र अजून पुरलेलं नाही, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

आधी कबुली देऊन टाकते. तुम्ही दवाखान्यात माझ्याकडून जे वचन घेतलंत ते मी मोडलं. मुद्दाम नाही मोडलं, पाळायला गेले आणि मोडलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "बेटा, उगवण बरी हाये, पन रोप वाकडं निघालं."

तो संभाजीनगरचा वॉर्ड, तुमच्या नाकाला लावलेली नळी, आणि तुम्हाला काळजी कशाची तर इराणच्या परवीनची. मी विचारलं, "सर, काही हवंय का?" तर म्हणालात, "नौरोज येऊन राह्यला. परवीनच्या घरी यंदा दोन सालानं सनाचा सफरा मांडतील. मला काही झालं तर तिला कळवू नको. सनाचे तेरा दिवस जाऊ दे. मंग सांग." मी म्हटलं, हे मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "खोटं न्हाई. थोडं उशिरा." मला अजून दोन वाक्यं बोलायची होती, पण नर्स आली. आपला तो वाद तिथंच अर्धवट राहिला. तुम्ही गेलात तेव्हा रमजान लागायला चारच दिवस उरले होते.

परवीन खानम आपल्या लॅबमध्ये दोन महिने होत्या तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते. त्यांच्या कंपनीला आपलं भाजीपाल्याचं बियाणं जायचं, आणि दोन्हीकडच्या उगवणीचे आकडे जुळेनात म्हणून त्या तपासायला इराणहून जालन्यात आल्या. ही हकिकत तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितली असेल. त्यांना हिंदी येईना, तुमचं इंग्रजी कामापुरतं. पहिल्या दिवशी तुम्ही अंबडच्या आजोबांकडून शिकलेली फारसी काढलीत आणि त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वीची भाषा आणि उच्चार सगळे आपल्या इकडचे. त्या हसल्या, आणि त्या दिवसापासून तुम्हाला उस्ताद म्हणायला लागल्या. पुढे आकडेही जुळले. त्या भिजवायचा कागद जरा जास्तच ओला ठेवायच्या, एवढंच निघालं.

तेव्हापासून नऊ वर्षं दर मार्चला त्यांच्या शुभेच्छा यायच्या आणि तुमचा जवाब जायचा. तुमच्याकडे बटणांचा फोन, म्हणून सगळा व्यवहार लॅबच्या फोनवरून. तो फोन माझ्या टेबलावर असतो, त्यामुळे मी आपोआपच यात ओढले गेले, आणि फोटो वर्षा धाडते हे तुम्ही त्यांना केव्हाच कळवलं होतं. पहिल्या वर्षी मी हौसेनं सकाळी नऊलाच गुलाबाचं एक चित्र शोधलं आणि म्हटलं, "धाडू का सर?" तुम्ही फोन हातातून काढूनच घेतलात. "तिकडं अजून जुनं साल चालू हाये. आता धाडायचं तर 'पेशापेश' म्हनावं लागतं, म्हंजे आगाऊ. आन् हे गुलाब कुनाच्या घरचं?"

मग तुम्ही मला समजावलं की नौरोज रात्री बारा वाजता लागत नाही. सूर्य विषुववृत्तावर येतो, दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या नेमक्या क्षणाला साल फिरतं. त्याला तहवील म्हणतात. तो क्षण दरवर्षी सुमारे सहा तासांनी पुढे सरकतो, कधी पहाटे येतो, कधी भर दुपारी. घरातली सगळी माणसं नवे कपडे घालून सफऱ्याभोवती बसतात. सफरा म्हणजे पसरलेलं कापड. त्यावर 'स'नं सुरू होणाऱ्या सात वस्तू: सब्जा म्हणजे हे गव्हाचे अंकुर, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका म्हणजे व्हिनेगर, सुमाकचा आंबट मसाला, सिंजिदचं सुकं फळ आणि गव्हाच्या अंकुरांचा शिजवलेला समनू. शिवाय आरसा आणि मेणबत्त्या. आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा बरोबर दोन तास पुढे, हे तुम्ही टेबलावर मार्करनं लिहून ठेवलं होतं. ते अजून पुसलेलं नाही.

आपला दुसरा वाद, नऊ वर्षांतला मोठा, आधी कुणी लिहायचं याचा. मी म्हणायचे, "सर, त्यांचा सण आहे. आपण आधी द्यायला हव्यात शुभेच्छा. तेवढंच सौजन्य." तुम्ही चहा बशीत ओतत म्हणायचात, "लहानानं आधी मोठ्याच्या घरी जायचं. त्याला दीद म्हनतात. मंग मोठा परत भेटीला जातो, ते बाजदीद. ती लहान हाये, तिनं यायचं. मी वाट पाहीन. मोठ्याचं काम वाट पाहायचं असतं." मी म्हणायचे, हा शुद्ध अहंकार आहे. तुम्ही म्हणायचात, "आसंल." आणि तहवीलच्या वेळेला हातातलं काम बाजूला ठेवून, फोनकडे बघायचं नाही असं ठरवून, फोनकडेच बघत बसायचात.

त्यांचा संदेश पाचेक मिनिटांत यायचा. "नौरोजतान पीरोज, हर रोजतान नौरोज." तुमचा नवा दिवस विजयाचा होवो, तुमचा प्रत्येक दिवस नवा दिवस होवो. मग तुमचं काम सुरू. उगवणचाचणीच्या जाड कागदाची पट्टी कापायची, बोरू दौतीत बुडवायचा, आणि जवाब लिहायचा. जवाबाचे तुमचे नियम होते. आधी आभार. मग समोरच्यानं दिलेली प्रत्येक शुभेच्छा परत करायची, एकही गाळायची नाही: "बर शुमा ओ खानवादा-ए-मोहतरम हम मुबारक बाशद", तुम्हालाही आणि तुमच्या आदरणीय कुटुंबालाही. मग आपल्या पदरची एक शुभेच्छा जास्त घालायची. तुमची ठरलेली होती, "दिलतान बहारी", तुमच्या मनात वसंत राहो. शेवटी "सद साल बे इन सालहा", अशी शंभर वर्षं येवोत. कागद वाळला की मी फोटो काढायचा आणि पाठवायचा. साल कधीच घालायचा नाहीत. म्हणायचात, "शुभेच्छेला कशाला पाहिजे एक्स्पायरी?" बियाण्याच्या पाकिटांवर जन्मभर मुदत लिहिलेला माणूस हे म्हणायचा.

आणि मागचं वर्ष आठवतं ना? त्या हिवाळ्यात परवीन खानमची आई गेली होती. तहवील सकाळी साडेआठच्या सुमाराला होती. मी लॅबमध्ये पोचले तर तुम्ही आधीच येऊन बसलेले, आणि समोर कागद लिहून तयार. मी चकित झाले. "सर, आज तुम्ही आधी?" तुम्ही म्हणालात, "गमीच्या, म्हंजे दुखवट्याच्या, घरची पहिली ईद, पहिला सन हाये. अशा घरी लहान-मोठं न्हाई. सगळ्यांनी आधी तिथं जायचं, मंग बाकी दुनिया." मी फोनवर खाली आपली एक ओळ जोडत होते, "नौरोज मुबारक". तुम्ही माझा हात धरलात. "मुबारक न्हाई. पीरोज न्हाई. ज्या घरात सफरा मांडला न्हाई, तिथं मुबारक कशाचं?" तुमच्या कागदावर दोनच ओळी होत्या. एक, "रूहश शाद", तिच्या आत्म्याला आनंद मिळो. दुसरी, "गम-ए-आखिरेतान बाशद", हे तुमचं शेवटचं दुःख असो. मी ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली, दुसरीतल्या मुलासारखी, आणि तुम्ही शाबासकी म्हणून मला अर्धा पेरू दिलात.

आता यंदाचं सांगते. तहवील दुपारी अडीच वाजून एक मिनिटाला होती, त्यांच्याकडे साडेबारा वाजता. मी नऊ दिवस आधी गहू भिजवला. तुम्ही शिकवलं तसं पाण्याचा अंदाज घेत, ओल्या कागदावर पसरून, वीस अंशाला ठेवून. आठव्या दिवशी मोजायची सवय म्हणून मोजलाही. शंभरातले सत्त्याण्णव उगवले होते. नंतर तो ताटलीत लावला, फीत बांधली, आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. मग माझी काळजी सुरू झाली.

काळजी अशी की, त्यांचा संदेश आला तर मी जवाब काय देणार? त्या नक्की तब्येत विचारणार. पायाचं दुखणं कसं आहे, चाची कशा आहेत, रोजे झेपतात का. प्रत्येक गोष्ट परत करायची आणि वर एक जास्त घालायची, हा तुमचा नियम. मला चार शब्द जुळवता येत नाहीत फारसीत. मी चुकले की त्यांना कळणार, आणि तुमचं वचन मोडणार. सकाळपासून माझ्या हातून दोन नमुन्यांचे नंबर उलटसुलट झाले. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

मग तुमच्या खणातली जुनी फाईल काढली. त्यात तुमचे सरावाचे कागद होते. बोरू नवा तासला की तुम्ही एखादी ओळ गिरवून बघायचात ना, तसे. एका पट्टीवर नुसतंच होतं: "नौरोजतान पीरोज, हर रोजतान नौरोज. हमीद." ना आभार, ना जवाब. आणि सर, मला वाटलं, सुटले. आपणच आधी पाठवायचं. मग त्यांचा जो संदेश येईल तोच जवाब होईल, देणं-घेणं पूर्ण, मला पुढं काही लिहायला नको. मागच्या वर्षी तुम्ही स्वतः आधी लिहिलंच होतं, मग यंदा लिहिलं तर कुठं बिघडलं? आणि खरं सांगू, मनात एक कोपरा असाही होता की नऊ वर्षं भांडले, एकदाचं माझ्या म्हणण्यासारखं झालं.

अडीच वाजून एक मिनिटानं फोटो पाठवला. दोन मिनिटांत निळ्या खुणा झाल्या. त्यांनी वाचलं होतं. आणि मग काहीच नाही.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. मी फोन पालथा ठेवला, परत सुलटा केला. नऊ वर्षांत पाच मिनिटांच्या वर कधी गेलं नव्हतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला, कागदाच्या कडेला लॅबची तारीख तर नाही ना उमटली. नव्हती. अक्षर तुमचंच, सही तुमचीच. तीन वाजले, चार वाजले. बाजूच्या टेबलावरच्या सुनीतानं विचारलं, "काय गं, घरी कुनी आजारी हाये का?" मी म्हटलं, न्हाई.

पाचला वीस कमी असताना फोन वाजला. फारसीत लांब संदेश. पहिल्या नजरेत मी फक्त दोन शब्द शोधले. मुबारक कुठे आहे, पीरोज कुठे आहे. दोन्ही नव्हते. शेवटच्या ओळीत एक शब्द मात्र मला लगेच लागला, कारण तो मी मागच्या वर्षी अर्ध्या पेरूच्या बदल्यात शिकले होते. गम.

मी तशीच रिक्षानं तुमच्या घरी गेले. चाची इद्दतमध्ये आहेत, म्हणजे नवऱ्यामागे घरात राहायचे चार महिने दहा दिवस, बाहेर येत नाहीत, आतल्या खोलीत खजूर धूत बसल्या होत्या. इफ्तारला तासभर होता. मी फोन पुढे केला आणि सगळं एका दमात सांगितलं, वचन, फाईल, कागद, सगळं. चाचींनी आधी संदेश वाचलाच नाही. त्या म्हणाल्या, "तुमने पहले भेजा? अरे बेटी, वो कभी पहले भेजते थे क्या?"

मग त्यांनी चष्मा लावला. उर्दूच्या आधारानं, अडखळत, एकेक ओळ मला मराठीत सांगत गेल्या. मी तिथंच कागदावर उतरवून घेतलं, म्हणून हे जसंच्या तसं आहे.

"प्रिय वर्षा. अक्षर उस्तादांचं आहे, रीत उस्तादांची नाही. उस्ताद आधी लिहीत नाहीत. आधी लिहितात ते फक्त गमीच्या घरी, आणि तिथं ते पीरोज लिहीत नाहीत. माझ्या घरी यंदा गम नाही. म्हणजे तो तुमच्या घरी आहे. दोन तास मी मनाला समजावत होते की तसं नसेल. आता सफऱ्यावरून उठून सगळ्यांत आधी तुमच्याकडे आले आहे. अजून भावाकडे गेले नाही, मामाकडे गेले नाही. रूहश शाद. गम-ए-आखिरेतान बाशद."

चाचींनी फोन खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मी रडले ते मात्र दुःखानं कमी, शरमेनं जास्त. सर, तुम्हाला तिचा एक सण वाचवायचा होता, आणि मी तो साल लागल्या क्षणी मोडला. दोन वर्षांनी मांडलेल्या सफऱ्यावरून तिला उठवलं. मी चाचींना तेच म्हटलं, "माझ्यामुळे त्यांचा सण गेला."

चाची म्हणाल्या, "और तेरा दिन के बाद बताती, तो वो क्या करती? पहले दिन आ नहीं पाती. सारी उमर उसके दिल में रहता कि सबके घर गई, उस्ताद के घर नहीं गई." आणि वर, "उनको मैंने बोली थी, मत छुपाओ. मेरी सुनते थे कभी?"

बघा, म्हणजे हा वाद तुम्ही दोन ठिकाणी अर्धवट सोडून गेलात. मला तर वाटत होतं की मी एकटीच आहे तुमच्याविरुद्ध. यात तुमचंच चुकलं, हे मी आज स्पष्ट लिहून ठेवते. दुसऱ्याच्या दारात आधी जायची रीत मला शिकवलीत, आणि स्वतःचं दार मात्र लावून घ्यायला सांगितलंत. रागही आला तुमचा. त्या रागात मी चाचींच्या हातच्या दोन खजूर इफ्तारच्या आधीच खाऊन टाकले, माझा कुठं रोजा होता.

जवाब तर द्यायचा होता. चाची सांगत गेल्या, मी लिहीत गेले, तुमच्या बोरूनं नाही, माझ्या बॉलपेननं, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. आधी आभार. मग त्यांनी जे दिलं ते परत. इथं मी अडले. शेवटचं दुःख असो, हे कसं परत करायचं? चाची म्हणाल्या, तसं परत करत नाहीत, दुआ देतात: तुमच्या घरी कायम आनंदच येवो. ती लिहिली. मग पदरची एक जास्त. मी चाचींना न विचारता लिहिली, ती एकच ओळ मला पाठ होती. "दिलतान बहारी." त्याखाली पहिल्यांदा माझं नाव. आणि इंग्रजीत एक वाक्य, मला माफ करा, त्यांनी तेरा दिवस सांगितले होते.

तो जवाब गेला तेव्हा मशिदीचा भोंगा वाजला. चाचींनी पाणी घेतलं. मी बदनापूरची गाडी चुकवली.

यंदा पाडवा आणि ईद लागोपाठ आले. ईदच्या सकाळी मी माझ्या घरी कुकर लावायच्या आधी जालन्याची गाडी पकडली. गल्लीत सगळीकडे अत्तर, नवे कुर्ते, शिरखुर्मा. तुमच्या दाराशी गेले तेव्हा अजून कुणी आलं नव्हतं. मी "ईद मुबारक" म्हटलं नाही. काय म्हणायचं ते मला माहीत होतं. चाचींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पहली तू आई."

परवीन खानमचा नौरोजच्याच संध्याकाळी आणखी एक संदेश आला होता, जवाब पोचल्यावर. तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. त्यांनी इंग्रजीतच लिहिला, मला समजावा म्हणून. माफी मागायचं काही नाही, उस्तादांनी सांगितलेलं तुम्ही केलंत, आणि मला जे कळायला हवं होतं ते कळलं. सब्जा फेकू नका, तेराव्याला वाहत्या पाण्यात सोडा, सोडताना गवताला गाठ मारून एक इच्छा मागा. आणि मग ही ओळ: "उस्ताद गेल्यामुळे आता आपल्या दोघींत मोठी मी आहे. पुढच्या नौरोजला तुम्ही आधी लिहायचं. मी वाट पाहीन."

गाडी बदनापुरात शिरतेय. सासऱ्यांच्या मळ्यात आज पाटाला पाणी आहे, फोन करून विचारून घेतलंय. ताटली तिथं रिकामी करीन. गाठ मारीन आणि इच्छा काय मागितली ते तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या वर्षी तहवील संध्याकाळी सव्वाआठच्या आसपास येईल, सहा तास पुढे सरकवून मीच हिशोब केलाय. लॅब बंद असेल तेव्हा. मी थांबीन. आणि मी आधी लिहीन, सर. वादात मी जिंकले असं मात्र म्हणू नका, कारण मी लहान आहे म्हणूनच आधी लिहिणार आहे.